नाव पाहून टाकला की पोहोचलाच नाही?

“दहा ठिकाणी अर्ज टाकले, एकाचेही उत्तर नाही. नाव पाहूनच बाजूला ठेवत असतील.” चंद्रपूर, बल्लारपूर, राजुऱ्याकडच्या आपल्या मोहल्ल्यांत आयटीआय किंवा बी.कॉम. झालेल्या मुलांच्या तोंडी हे वाक्य नेहमी येते. त्यावर वडीलधारे दोनपैकी एक उत्तर देतात. काही म्हणतात, “असेच चालते, दुकान सांभाळ.” काही म्हणतात, “असे काही नसते, तूच कमी पडतोस.” दोन्ही उत्तरे अंदाजाने दिलेली असतात, कारण त्या दहा अर्जांचे नेमके काय झाले हे मुलालाही माहीत नसते आणि वडिलांनाही. माझे म्हणणे एवढेच की या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल तर आधी अर्जांची वही हवी.

नावावरून अर्ज मागे पडतो ही निव्वळ शंका नाही. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींवर हा प्रयोग केला होता. तो २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. तुलनेच्या अर्जांत पात्रता सारखी, फक्त अर्जदाराचे नाव कधी उच्चवर्णीय हिंदू, कधी दलित, कधी मुस्लीम. बोलावणे येण्याच्या शक्यतेचा जो आकडा संख्याशास्त्रात ‘ऑड्स’ म्हणून मोजतात, तो उच्चवर्णीय नावासाठी १ धरला तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लीम नावासाठी ०.३३ निघाला.

या निष्कर्षाची चर्चा पुष्कळ झाली. तो निघाला कसा, याकडे मात्र कमी लक्ष गेले. कोणत्या जाहिरातीला, कोणत्या नावाचा, कोणता बायोडेटा, कोणत्या दिवशी गेला आणि काय उत्तर आले, हे प्रत्येक अर्जापुढे लिहिलेले होते म्हणूनच तो निघाला. ती नोंद नसती तर त्या अभ्यासकांकडेही मोहल्ल्यातल्या शंकेपेक्षा जास्त काही उरले नसते.

आपली वही साधीच असावी. शंभर पानी वही चालेल, मोबाइलवरची शीटही चालेल. अर्जाला एक ओळ द्यायची आणि तिच्यात कंपनी व पद, पाठवल्याची तारीख, बायोडेटाचा क्रमांक, अर्ज कोणाकडे आणि कसा गेला, पुन्हा कधी विचारायचे आणि आजची स्थिती एवढेच लिहायचे. स्थितीसाठी पाच शब्द पुरतात: पाठवला, पोहोचला, बोलावले, नकार, उत्तर नाही. यापेक्षा जास्त रकाने आखले की वही दोन आठवड्यांत बंद पडते.

यातला सर्वांत दुर्लक्षित रकाना बायोडेटाच्या क्रमांकाचा. आपली मुले सायबर कॅफेत जातात, कॅफेवाला जुनीच फाइल उघडून त्यात फेरफार करतो आणि त्याच नावाने सेव्ह करतो. तीन आठवड्यांनी कंपनीतून फोन येतो, “तुम्ही दीड वर्षाचा अनुभव लिहिलाय, तो कुठला?” आणि मुलगा अडखळतो, कारण त्या वेळी काय लिहिले होते ते त्याच्यापुढे नसते. समोरच्याला ते खोटे वाटते. उपाय सोपा आहे. फाइलमध्ये एक शब्द जरी बदलला तरी नवा क्रमांक द्यायचा, म्हणजे `SHAIKH_electrician_v1.pdf` नंतर `SHAIKH_electrician_v2.pdf`. जुनी फाइल पुसायची नाही. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक क्रमांकात काय बदलले ते एका ओळीत लिहून ठेवायचे.

आपल्याकडे या क्रमांकाला आणखी एक कारण आहे. एकाच मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर Shaikh, आधारवर Sheikh आणि आयटीआयच्या कागदावर Shekh असे असते. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. कोणत्या अर्जात कोणते स्पेलिंग गेले हे लिहिलेले नसेल तर कागदपत्रे तपासताना गाडी अडते. तिथे नावामुळे थांबलेला अर्ज भेदभावामुळे थांबला की स्पेलिंगमुळे, हे सांगता येत नाही. शक्यतो दहावीच्या प्रमाणपत्रावरचे स्पेलिंग सगळीकडे वापरावे आणि बाकी कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत.

आता एक उदाहरण मांडून पाहू. समजा, बल्लारपूरचा एक मुलगा आहे. वीजतंत्रीचा दोन वर्षांचा आयटीआय आणि एक वर्षाची अप्रेंटिसशिप झालेली. जून ते ऑगस्टमध्ये त्याने चौदा अर्ज केले. घुग्घुस, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांत, ताडाळी एमआयडीसीत आणि कोनसरीच्या पोलाद प्रकल्पाकडे. पहिले आठ अर्ज v1 चे, नंतरचे सहा v2 चे. पहिल्या आठांना काहीच उत्तर आले नाही, तेव्हा त्यानेही तेच वाक्य उच्चारले.

वही उघडल्यावर त्या आठ ओळी अशा दिसतात. तीन अर्ज ओळखीच्या माणसाच्या हाती दिलेले: मामूंचा मित्र, ठेकेदाराचा सुपरवायझर, गेटवरचा गार्ड. पुढे कोणाच्या टेबलावर गेले याची नोंद नाही. दोन ईमेल परतलेले. इनबॉक्समध्ये `Mail Delivery Subsystem` नावाने संदेश पडून आहे, पण तो उघडलाच नाही. पत्त्यात एक अक्षर चुकले होते. एक अर्ज शेवटच्या तारखेनंतर गेला. म्हणजे पोहोचले याची खात्री फक्त दोन अर्जांची. “आठांनी नाकारले” हे वाक्य इथे टिकत नाही. खरे वाक्य आहे, “दोघांकडे पोहोचला, दोघांनी उत्तर दिले नाही.”

मग त्याने v2 केला. अप्रेंटिसशिप सर्वांत वर आणली, दहावीप्रमाणे नाव लिहिले आणि रिचार्ज संपून बंद पडलेला नंबर काढून चालू नंबर टाकला. या सहापैकी पाच पोहोचले आणि दोघांनी बोलावले. इथे एक सावधगिरी हवी. दोनपैकी शून्य आणि पाचपैकी दोन, एवढ्या लहान आकड्यांवरून v2 चांगला ठरला असे म्हणता येत नाही. एवढे मात्र नक्की कळते की त्याची पहिली गळती कंपनीच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच होती, आणि ती त्याच्या हातात होती.

पुन्हा विचारण्याचेही एक वेळापत्रक असावे. अर्जानंतर आठ-दहा दिवसांनी, किंवा जाहिरातीत शेवटची तारीख असेल तर तिच्यानंतर आठवड्याने, एक छोटा संदेश पुरतो: “सर, मी १२ जून रोजी वीजतंत्री पदासाठी ईमेलने अर्ज पाठवला आहे. तो आपल्याला मिळाला का, कृपया कळवावे.” नोकरी द्या असे म्हणायचे नाही, मिळाला का एवढेच विचारायचे. उत्तर द्यायला ते सोपे असते आणि आपल्याला ‘पाठवला’चे ‘पोहोचला’ करता येते. त्यानंतर दोन आठवड्यांनी एकदा. दोनदा विचारूनही काही आले नाही तर ‘उत्तर नाही’ लिहून ती ओळ बंद करावी. ओळखीच्या माणसाकडे दिलेल्या अर्जालाही हाच नियम लावावा: कोणाला दिला, त्यांनी पुढे कोणाला दिला. ते सांगता येत नसेल तर तो अर्ज झालेला धरू नये आणि थेट पाठवावा.

गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांत तारखेचा रकाना वेगळाच त्रास देतो. भामरागड, एटापल्लीकडे रेंज नसली की अर्ज मोबाइलवर तयार असतो, जातो मात्र आलापल्ली किंवा अहेरीला आल्यावर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताही बंद होतो. वहीत अर्ज खरोखर गेल्याचा दिवस लिहावा, लिहून ठेवल्याचा नव्हे. बायोडेटावर रेंजमध्ये राहणाऱ्या नातेवाइकाचा दुसरा नंबर द्यावा आणि त्या नातेवाइकाकडे वहीच्या पानाचा फोटो असावा. फोन आला तर “हो, त्याने अर्ज केला आहे” असे तो लगेच सांगू शकेल. उलटेही खरे आहे. वहीत नसलेल्या कंपनीच्या नावाने फोन आला, “तुमची निवड झाली, आधी अमुक रुपये भरा,” तर ती ओळ नसणे हाच पहिला इशारा.

सरकारी भरतीत, म्हणजे वनरक्षक असो वा जिल्हा परिषद, फोन करून विचारण्यात अर्थ नसतो. तिथे संपर्काच्या जागी अर्ज क्रमांक, दिलेला मोबाइल नंबर आणि शुल्काची पावती कुठे ठेवली ते लिहावे, आणि पुढच्या रकान्यात प्रवेशपत्र व परीक्षेच्या तारखा. पासवर्ड त्या वहीत नको. निकालाबद्दल शंका असेल तर माहितीच्या अधिकारात आपले गुण मागता येतात आणि त्या अर्जात हाच क्रमांक लागतो.

खासगी नोकरीत तसा दरवाजा नाही. नोकरीत धर्मावरून भेदभाव करू नये असे सांगणारा संविधानातला अनुच्छेद १६ सरकारी नोकऱ्यांपुरता आहे. म्हणून एका मुलाची वही भेदभाव सिद्ध करू शकत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ‘उत्तर नाही’ या दोन शब्दांमागे जागा भरली गेली असेल, ठेकेदाराने आपला माणूस घेतला असेल किंवा नाव पाहिले असेल, यातले काय झाले ते वही सांगत नाही. थोरात आणि अ‍ॅटवेल यांना ते कळले, कारण त्यांच्याकडे बाकी सारखे आणि फक्त नाव वेगळे असे हजारो अर्ज होते.

आपण तेवढे करू शकत नाही, पण त्या दिशेने थोडे जाऊ शकतो. एका आयटीआयच्या एकाच तुकडीतली मुले घ्या: मुस्लीम, बौद्ध, गोंड, तेली, कुणबी. ट्रेड एक, वर्ष एक. सगळ्यांनी वही ठेवली आणि त्याच कंपन्यांना त्याच महिन्यात पाठवलेले, पोहोचल्याची खात्री असलेले अर्ज शेजारी शेजारी ठेवले, तर कोणाला बोलावणे आले आणि कोणाला नाही हे दिसेल. गुण, अनुभव, ओळख यांचे फरक तरीही राहतील, त्यामुळे तोही पुरावा ठरणार नाही. पण आयटीआयच्या प्राचार्यांसमोर किंवा कॅम्पस मुलाखतीला आलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर ते कागद ठेवून विचारता येईल की हे चार अर्ज तुमच्याकडे पोहोचले, त्यांचे काय झाले? “नाव पाहूनच टाकतात” हे वाक्य ऐकून तो अधिकारी हसून सोडून देईल. तारीख, बायोडेटाचा क्रमांक आणि पोहोच मिळाल्याचा संदेश समोर असेल तर त्याला काहीतरी उत्तर द्यावे लागेल.