‘ताण’ नेमका कोणता?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकवण्यास मुभा दिली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण तेवढ्याने सुटत नाही, कारण बरीच पुस्तके, मानके आणि कारखान्यातील आराखडे इंग्रजीतच राहतात. म्हणून व्याख्यानाच्या टिपणांवरून द्विभाषिक तक्ते करण्याचे काम अभ्यासमंडळांनी हाती घ्यावे. मात्र तांत्रिक संज्ञा इंग्रजीच ठेवून तिचा अर्थ मराठीत लिहावा.

असे का, हे पदार्थांच्या बलाबलाच्या पहिल्याच व्याख्यानात कळते. स्ट्रेस, स्ट्रेन आणि टेन्शन या तिन्हींना बोलीत ‘ताण’ असा एकच शब्द आहे. वीस मिलिमीटर व्यासाची, दोन मीटर लांबीची पोलादी सळई ३१.४ किलोन्यूटन बलाने ओढली, असे समजू. हे ओढणे म्हणजे टेन्शन. सळईचा छेद ३१४ चौरस मिलिमीटर, म्हणून स्ट्रेस दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन. सळई सुमारे एक मिलिमीटर लांबते. मूळ लांबीशी त्या वाढीचे गुणोत्तर ०.०००५, हा स्ट्रेन. त्याला एकक नाही. तिन्हींपुढे ‘ताण’ लिहिणारा तक्ता विद्यार्थ्याला स्ट्रेनपुढेही न्यूटन लिहायला लावतो, आणि चूक नेमकी तेथेच पकडता येते. म्हणून तक्त्यात चार रकाने हवेत: संज्ञा, चिन्ह व एकक, मराठी अर्थ, आणि टिपणातील ती संज्ञा आलेले वाक्य.

शेवटचा रकाना अनेकांना फालतू वाटतो. तो गाळला की ‘मोमेंट’पुढे शब्दकोशातला ‘क्षण’ येऊन बसतो. तुळईच्या गणितात मोमेंट म्हणजे बल आणि अंतर यांचा गुणाकार. वाक्य समोर असते तर ही फसगत झाली नसती.

खरी ठेच मात्र संज्ञांपाशी लागत नाही. त्या सर्वांनाच नव्या असतात. शहरी विद्यार्थी सहज ओलांडतो आणि खेड्यातला अडखळतो ते ‘नेग्लेक्टिंग सेल्फ वेट’सारख्या शब्दप्रयोगांपाशी. येथे ‘दुर्लक्ष करून’ हे भाषांतर अपुरे. ‘तुळईचे स्वतःचे वजन हिशेबात न धरता’ असे लिहिले, तर गणितातली एक संख्या का गायब झाली ते समजते. असे प्रयोग वेगळ्या तक्त्यात, संपूर्ण मराठीत उतरवावेत.

तक्ता झाल्यावर संज्ञांचा रकाना झाकून दुसऱ्या विद्यार्थ्याला केवळ अर्थ वाचायला द्यावेत. एका अर्थावरून त्याला दोन संज्ञा सुचल्या, तर ती ओळ पुन्हा लिहिली पाहिजे. अखेरची तपासणी विषयशिक्षकाचीच. ती त्याच्या सौजन्यावर न सोडता महाविद्यालयांनी अध्यापनाच्या कार्यभारात धरावी, अशी मागणी विद्यार्थी आणि शिक्षक संघटनांनी एकत्र केली पाहिजे.