नर्स ‘कॅन’ म्हणाली की ‘कॅन्ट’?

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. तिथल्या नर्सनं त्यांना सांगितलं होतं, ‘यू कॅन्ट गिव्ह हर वॉटर येट.’ बाईंना ऐकू आलं ‘कॅन’, आणि त्या वाटी-चमचा घेऊन तान्हीला पाणी पाजायला निघाल्या! मुलीनं वेळीच थांबवलं म्हणून बरं. आता त्यांनी इंग्रजी बोलण्याचा क्लास लावलाय, पण तिथल्या वर्कशीटवर जागोजागी छापलेलं उलटं ‘ई’ अक्षर काही केल्या उलगडत नाही, असं त्या लिहितात.

मैत्रिणींनो, त्या उलट्या अक्षराचं नाव ‘श्वा’. उच्चार आपल्याला अगदी ओळखीचा, पुसट, आखूड ‘अ’. ‘अबाउट’मधला पहिला ‘अ’ तोच. अडचण अशी, की आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो, म्हणून प्रत्येक शब्द स्पेलिंगप्रमाणे पुरा उच्चारतो. इंग्रज किंवा अमेरिकन माणूस वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर जोर देतो, आणि मधले चिल्लर शब्द ‘अ’ लावून उरकतो. ‘ऑफ’चं होतं ‘अव्’, ‘फ्रॉम’चं ‘फ्रम्’, ‘अँड’चं नुसतं ‘अन्’. आपणही ‘चहा आणि पोहे’चं ‘चहा नि पोहे’ करतोच की!

‘कॅन’चंही तसंच होतं. वाक्याच्या मध्ये असला की तो ‘कन्’ होतो, घाईत तर नुसता ‘क्न्’. ‘कॅन्ट’ नकार असल्यामुळे तो कधी पुसट होत नाही, त्यातला ‘कॅ’ ठसठशीत राहतो. आणि अमेरिकन बोलण्यात त्याचा शेवटचा ‘ट’ बहुधा फुटतच नाही. जीभ वर टेकते आणि तिथंच थांबते. म्हणजे आपण ज्या ‘ट’ची वाट पाहतो तो येतच नाही, आणि ठसठशीत ‘कॅन’ ऐकून आपण होकार समजतो. तेव्हा ‘ट’ शोधू नका, स्वर ऐका. मध्ये ‘कन्’ आला तर होकार, ‘कॅ’ स्पष्ट आला तर बहुतेक नकार. इंग्लंडमध्ये बरेच लोक ‘कान्ट’ म्हणतात, तिथं हा घोटाळा कमी.

अपवाद एक लक्षात ठेवा. वाक्याच्या शेवटी हे शब्द पुरे उच्चारतात. ‘येस, आय कॅन’ किंवा ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ इथं ‘कॅन’ आणि ‘फ्रॉम’ पूर्णच. आणि जीव जडलेल्या बाबतीत, औषध असो की बाळाचं खाणं, ‘यस ऑर नो?’ असं सरळ विचारावं, लाजू नये.

आता वर्कशीट कसं सोडवायचं ते पाहू. वाक्य घ्या : ‘आय कॅन पिक हर अप अ‍ॅट एट.’ आधी पेन्सिलीनं जोराच्या शब्दांखाली रेघ मारा : पिक, अप, एट. उरलेल्या ‘कॅन’, ‘हर’, ‘अ‍ॅट’ यांवर उलटं ‘ई’ काढा. मग ‘हर’मधला ‘ह’ खोडा, तो अशा ठिकाणी गळतो. शेवटी जिथं एक शब्द व्यंजनानं संपतो आणि पुढचा स्वरानं सुरू होतो तिथं खाली कमान काढा, म्हणजे ते व्यंजन पुढच्या शब्दात जाऊन बसेल. मोठ्यानं वाचा : ‘आय कन् पिकर-अप-अटेट’. ऐकायला एकच लांब शब्द वाटतो ना? कानाला तो तुटलेला मिळत नाही, म्हणूनच कळत नाही. ‘काय आहे’चं ‘काये’ आपण दिवसभर करतो, पण ते आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही!

गाळलेल्या जागा असतील तर त्या नेमक्या याच चिल्लर शब्दांच्या असतात. ‘अ बॉटल ___ मिल्क’. आधी व्याकरणानं ओळखा, इथं ‘ऑफ’च हवा, मग ध्वनिमुद्रण लावून तो ‘अव्’ किंवा नुसता ‘अ’ कसा झालाय ते ऐका. पुष्कळजणी जागा बरोबर भरतात आणि वाचताना मात्र ‘ऑफ’ असं ठणकावून म्हणतात. मग त्या वर्कशीटचा काय उपयोग?

दुसरी खोड म्हणजे भराभर बोलणं. श्वा म्हणजे घाई नव्हे. जोराचे शब्द सावकाश, भरघोस म्हणा, मग मधले आपोआप आखडतात. शब्दाच्या शेवटचा श्वा आपल्याला जड जातो, कारण मराठीत शेवटचा ‘अ’ आपण बहुधा उच्चारत नाही आणि तिथं ‘आ’ लावून मोकळ्या होतो. ‘सोफा’, ‘कॅमेरा’ म्हणताना शेवटचा ‘आ’ अर्ध्यावर सोडून पाहा.

आपल्याकडच्या माणसांशी बोलताना सगळं पुसट करायची गरज नाही. पुरे उच्चार इथं सर्वांना नीट समजतात. पण ‘आय कन् कम’ एवढं मात्र जिभेला लावाच. परदेशी माणसाशी ‘आय कॅन कम’ असं ‘कॅन’वर जोर देऊन म्हणालात, तर त्याला ‘कॅन्ट’ ऐकू येण्याचा संभव आहे, आणि तुम्ही येणार नाही असं समजून तो निघून जायचा!