'कसे वाटले?' या प्रश्नाविषयी

माझी एक भाची इंदूरला घरगुती मेतकूट आणि गोडा मसाला करून विकते. मागच्या वर्षी तिने आपल्या मसाल्यांसाठी नवे बोधचिन्ह करवून घेतले आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. सोबत लिहिले होते : 'आजीच्या खलबत्त्यावरून सुचलेले आमचे नवे बोधचिन्ह! कसे वाटले? अभिप्राय नक्की कळवा.' संध्याकाळपर्यंत चाळीसेक अंगठे उमटले. 'छान', 'सुंदर', 'अभिनंदन' असे शब्दही आले. मात्र लेबले छापायला टाकावीत की नाहीत, हे तिला त्यातून कळेना. लोकांना आस्था नाही, असे तिला वाटू लागले.

मला हे पटले नाही. माझ्या मते दोष उत्तरांचा नव्हता, प्रश्नाचा होता. 'कसे वाटले?' असे एखाद्या आप्ताने आनंदाने विचारले, तर 'छान' हेच त्याचे सभ्य आणि पुरेसे उत्तर आहे. उद्गारचिन्हाने तर कौतुकाची अपेक्षा आधीच सांगून टाकली होती. शिवाय हे चिन्ह कोठे छापले जाणार, किती मोठे असणार, त्यातले काय अजून बदलता येईल, यांपैकी काहीच वाचणाऱ्याला ठाऊक नव्हते. मग त्याने नेमके बोलावे तरी कशावर?

सर्वांत मोठी चूक मात्र पहिल्याच शब्दांत होती. चित्रात खलबत्ता आहे, हे तिने आधीच सांगितले. एकदा सांगितल्यावर प्रत्येकाला खलबत्ताच दिसणार. दुकानातल्या फळीसमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगायला कोणी नसते. म्हणून पुन्हा त्याच गटाला विचारण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोघींनी बसून मजकूर नव्याने लिहिला आणि तिने तो महाविद्यालयातल्या मैत्रिणींच्या गटावर टाकला. सोबत शंभर ग्रॅमच्या पाकिटाचे छायाचित्र होते. त्यावर चिन्ह जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद, म्हणजे छापताना असेल तेवढेच होते. मजकूर असा :

'हे चिन्ह मसाल्याच्या पाकिटावर छापायचे आहे. चित्र मोठे न करता पाहा आणि तीन गोष्टी कळवा. (१) चित्रात कोणती वस्तू दिसते? पहिल्यांदा जे मनात आले तेच लिहा. (२) नाव वाचताना कोणत्या अक्षरापाशी अडलात? (३) डावीकडचे की उजवीकडचे पाकीट लांबून आधी ओळखू येते, आणि कशामुळे? नाव आणि लाल रंग ठरलेले आहेत, बाकी सारे बदलता येईल. शुक्रवारी छपाईला द्यायचे आहे, म्हणून गुरुवारपर्यंत उत्तर हवे. उत्तर मला एकटीलाच पाठवा.'

शेवटचे वाक्य किरकोळ वाटेल, पण ते मुद्दाम घातले होते. गटात पहिल्याने 'दिवा' म्हटले की पुढच्या चौघांनाही दिवाच दिसू लागतो. 'काय सुधारावे?' असेही आम्ही विचारले नाही. तसे विचारले की लोक उपाय सुचवतात, कोणी हिरवा रंग सांगतो, कोणी फूल घालायला सांगतो. अडचण कोठे आहे ते मात्र राहून जाते. उपाय शोधणे हे चित्रकाराचे काम.

या वेळी उत्तरे नऊच आली. चौघींना खलबत्ता दिसला. तिघींना उलटी घंटा वाटली, दोघींना समई. बत्ता फार बारीक काढला होता, त्यामुळे लहान आकारात तो खलाच्या काठातच मिसळून जात होता. नावात 'शुद्ध' हा शब्द आहे. त्यातल्या 'द्ध' या जोडाक्षरापाशी पाच जणी अडल्या, कारण द आणि ध एकमेकांत गुंतवून काढल्याने मधली पोकळी शाईने भरल्यासारखी दिसत होती. मोठ्या चित्रात तेच अक्षर डौलदार दिसे! चित्रकाराने बत्ता जाड करून तिरका केला आणि जोडाक्षर द चा पाय मोडून सुटे लिहिले.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र आमची निराशा केली. उत्तरे जवळजवळ निम्मी निम्मी आली, आणि 'कशामुळे' याला बहुतेकींनी 'असेच' म्हटले. हातातल्या फोनवर 'लांबून' पाहता येत नाही, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. तेव्हा भाचीने दोन्ही लेबले कागदावर छापली, पाकिटांना चिकटवली आणि ओळखीच्या वाण्याच्या फळीवर इतर मसाल्यांच्या रांगेत ठेवली. वाणी गल्ल्यावरूनच म्हणाला, "ताई, डावीकडचं दिसतंय. उजवीकडचं शेजारच्या लाल पाकिटात हरवलं." त्याने लाल रंगाविषयीही तक्रार केली होती, पण तो आम्ही आधीच ठरवून बसलो होतो.