विशेषणांना हवी वस्तू

मीरा कुलकर्णी यांनी २००० साली दिल्लीत सुरू केलेल्या ‘फॉरेस्ट इसेन्शियल्स’ने आयुर्वेदाला ऐश्वर्याची जोड दिली. तीच मूल्यं घेऊन एनसीआरमधल्या एखाद्या नव्या स्किनकेअर ब्रँडने मूडबोर्डसाठी एआयला नुसतं ‘शुद्ध, नैसर्गिक, प्रीमियम’ लिहून दिलं, तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर हिरवं पान येणार, हे जवळपास ठरलेलं. या शब्दांसोबत तीच चित्रं सर्वत्र वापरली गेली आहेत. त्यापेक्षा प्रॉम्प्टमध्ये प्रत्येक विशेषणाला वस्तू, पोत आणि प्रकाश द्यावा: ‘सहाणेवर उगाळलेलं ओलं चंदन, काळवंडलेलं तांबं, डावीकडून सकाळचं तिरपं ऊन, गेरूचा रंग, निम्मी चौकट मोकळी; पानं, थेंब, अक्षरं नकोत.’ एवढं करूनही चित्रं दुसऱ्याच कंपनीच्या बाटलीमागे खपतील अशी वाटली, तर आणखी विशेषणं न जोडता आधी वस्तू बदलून पाहाव्यात.