रफ कट आधी आमच्या गल्लीत दाखवा

माहितीपटांचे दिग्दर्शक, निर्माते आणि ते दाखवणाऱ्या वाहिन्यांनो,

२०१० साली सांगलीतल्या धंदा करणाऱ्या बायाही दाखवणारी ‘प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड’ ही फिल्म इंटरनेटवर आली. दिग्दर्शिका ब्रिटिश, निर्मिती ‘व्हाइस’ची. ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’च्या बायांनी ती पाहिली आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून उत्तराचा व्हिडिओ काढला. आपला विश्वास मोडला, आपल्याला भलत्याच रंगात दाखवलं आणि एका बाईला एचआयव्ही असल्याचं जगजाहीर केलं, हे त्यांचे आक्षेप होते. आज तसं उघड करायचं तर २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार त्या व्यक्तीची जाणती संमती लागते. तेव्हा तो कायदा नव्हता. पण माणुसकीला कायदा कशाला लागतो?

तुम्ही म्हणाल, आम्ही सही घेतो. कसली? इंग्रजी कागद, त्यात ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ अशी वाक्यं आणि खाली अंगठा. तोही शूटिंगच्या आधी, म्हणजे फिल्ममध्ये काय असणार हे तुम्हालाही ठाऊक नसताना. बाई होकार देते तो समोर बसलेल्या माणसाला. तिच्या बोलण्यातलं कुठलं वाक्य कुठल्या दृश्याला चिकटेल, खाली सबटायटल काय येईल, हे एडिटिंगच्या टेबलावर ठरतं. म्हणून दुसरी संमती तिथंच हवी. रफ कट घेऊन सांगलीला या, तिला दाखवा, सबटायटल मराठीत किंवा कानडीत वाचून दाखवा. तिच्याबरोबर तिच्या विश्वासातलं कुणीतरी असू द्या. ते माणूस तुमच्या युनिटमधलं नको.

चेहरा धूसर केला की झालं, हाही भ्रमच. गावाकडची माणसं आवाजावरून ओळखतात, हातावरच्या गोंदणावरून ओळखतात, मागच्या दाराच्या रंगावरूनही. काय झाकायचं ते तिलाच विचारा. तिच्या पोराबाळांना तर फिल्ममध्ये घ्यायचंच नाही.

संमती मागे घेण्याचं मात्र सरळ सांगा. फिल्म लॉक होईपर्यंत तिचा भाग काढता येतो; खर्च वाढतो, इतकंच. एकदा इंटरनेटवर गेली की तुम्ही काढलीत तरी कुणाच्या तरी मोबाईलमध्ये उरतेच. हे पहिल्याच दिवशी तिच्या भाषेत सांगा, शेवटची तारीख कागदावर लिहा आणि एक फोन नंबर द्या, जो शूटिंग संपल्यावरही उचलला जाईल. बुडालेल्या संध्याकाळचे पैसे द्यायचे असतील तर तिथल्या तिथे द्या. पुढं ती ‘नको’ म्हणाली तर ते परत मागू नका, नाहीतर त्या पैशांपायी ती गप्प बसेल.

वाहिन्यांना एकच मागणं. साताऱ्याच्या ऊसतोड मजुरांवरची फिल्म असो की सांगलीच्या बायांवरची, विकत घेताना निर्मात्याकडे सहीच्या कागदाबरोबर या दुसऱ्या संमतीचं रेकॉर्डिंगही मागा. ते नसेल तर प्रसारणाची तारीख देऊ नका.

आपला,
सांगलीचा एक प्रेक्षक