‘काही लोक’ म्हणजे नेमके कोण? स्टेटसवरच्या टोमण्याचं गणित

‘काही लोकांना गरज संपली की ओळखही संपते.’ काळ्या पार्श्वभूमीवर एवढीच ओळ आणि शेवटी एक हसरा चेहरा. वेळ रात्री सव्वाअकराची. नाव कुणाचंच नाही, तरी सकाळपर्यंत मित्रांमध्ये एकच प्रश्न फिरत असतो, ‘हे कुणासाठी होतं रे?’

फेसबुकच्या जमान्यात अशा पोस्टला ‘व्हेगबुकिंग’ असं नाव पडलं. मराठीला मात्र ही कला नवी नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ हीच ती. पण स्वयंपाकघरात ऐकणारी सून एकच असायची आणि टोमणा आपल्यालाच आहे, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. व्हॉट्सॲप स्टेटसवर तोच टोमणा दीड-दोनशे जणांपुढे पडतो. त्यात दूधवाला, जुने सर आणि मावशीही असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात चार मित्रांनी भाड्याचा फ्लॅट सोडला. घरमालकाने ६० हजारांचं डिपॉझिट एकाच्या खात्यात परत केलं. प्रत्येकाच्या वाट्याला १५ हजार येतात. दोघांना ते मिळाले, तिसऱ्याला ‘देतो, देतो’ करत महिना गेला आणि त्याचे फोन उचलणं बंद झालं. वरचं स्टेटस या तिसऱ्याचं.

आता ते कोण कसं वाचतं पाहा. दोन फ्लॅटमेट्सना क्षणात कळतं, कारण त्यांना पैशाची भानगड माहीत आहे. बाकीचे मित्र खुणा जुळवतात. स्टेटस कधी पडलं, दोघांपैकी कुणी ग्रुप सोडला का, गेल्या आठवड्यात वाढदिवस असून एकाने दुसऱ्याचा फोटो का टाकला नाही. मजकुरापेक्षा न टाकलेला फोटोच जास्त बोलतो. तिकडे ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने याच्याकडून २ हजार उसने घेतलेले असतात. तो गुपचूप पैसे परत करतो आणि बोलणं कमी करतो. मावशी थेट आईला फोन लावते, ‘पोराचं काही बिनसलंय का?’

म्हणजे टोमणा लागला, पण भलत्यांनाच.

अमेरिकेतल्या संशोधक डॅना बॉइड आणि ॲलिस मार्विक यांनी किशोरवयीन मुलांमधल्या अशा दुहेरी अर्थाच्या पोस्टना ‘सोशल स्टेगॅनोग्राफी’ म्हटलं. त्यांच्या अभ्यासातल्या १७ वर्षांच्या एका मुलीचं प्रेम मोडलं होतं. आईला काळजी नको म्हणून तिने वरवर आनंदी वाटणारी गाण्याची ओळ फेसबुकवर टाकली. आईला लेक खुशीत वाटली. मैत्रिणींनी मात्र ते गाणं असलेला सिनेमा नुकताच पाहिला होता. त्यात ते गाणं सुळावर चढवलेली माणसं म्हणतात. मैत्रिणींनी लगेच तिला मेसेज केले. तिथे खूण जमली, कारण किल्ली मोजक्यांकडेच होती. ‘काही लोक’ या शब्दांना अशी किल्लीच नसते, ज्याचं मन खात असेल तो स्वतःच त्यात बसतो.

‘सीन’ झालं, म्हणजे वाचलं?

स्टेटस टाकणारा दर दहा मिनिटांनी बघणाऱ्यांची यादी उघडतो. त्याला एकच नाव हवं असतं. पण ही यादी पूर्ण खरं सांगत नाही. समोरच्याने ‘रीड रिसीट्स’ बंद केल्या असतील तर तो स्टेटस पाहतो, पण यादीत येत नाही. त्याने याला म्यूट केलं असेल तर स्टेटस त्याच्या डोळ्यांपुढेच येत नाही आणि म्यूट केल्याचं याला कळत नाही. त्याने याचा नंबर काढून टाकला असेल तर प्रश्नच मिटला. नाव न दिसणं म्हणजे दुर्लक्ष की लपून पाहणं, हे ठरवणं अशक्य, आणि नेमकं तेच ठरवण्यात रात्र जाते.

२४ तासांनी स्टेटस पुसलं जातं, या भरवशावरही राहू नये. स्क्रीनशॉट घेतला तर टाकणाऱ्याला सूचना जात नाही. आपल्या उदाहरणात पैसे अडकवणाऱ्याने स्टेटस पाहिलंच नव्हतं. एका कॉमन मित्राने ‘तुझ्यावर आहे बघ’ म्हणून त्याला स्क्रीनशॉट पाठवला. इथे मध्यस्थच खरा पोस्टमन ठरला, आणि दोघांच्या भांडणात त्याची भूमिका सगळ्यात कमी चर्चिली जाते.

नाव न घेण्यामागचं कारण सरळ आहे. विचारलं तर ‘तुला कुठे म्हटलं?’ म्हणता येतं. पण हीच पळवाट समोरच्यालाही मिळते. ‘१५ हजार शुक्रवारपर्यंत पाठव’ या थेट मेसेजला उत्तर द्यावं लागतं किंवा उत्तर न देणं तरी उघड दिसतं. स्टेटसला उत्तर देणं म्हणजे ‘हो, तो मीच’ अशी कबुली. ती कोण देईल?

बुधवारी दुपारी पैसे अडकवणाऱ्याचंही स्टेटस पडलं, ‘पैशाने माणसं ओळखता येतात.’ ते पाहणाऱ्यांत पहिलं नाव तिसऱ्याचं होतं. १५ हजार अजून त्याच खात्यात आहेत.