धैर्य मागणारे सांत्वन

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सहकारी प्राध्यापकांचा धाकटा भाऊ हृदयविकाराने अचानक गेला. वय एकेचाळीस. सकाळी नऊच्या सुमारास स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बातमी आली आणि दुपारपर्यंत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या दोन शब्दांची रांग लागली. मराठीचे आम्ही तिघेही त्या रांगेत होतो. संध्याकाळी मी त्यांना स्वतंत्र संदेश लिहायला बसलो, तेव्हा सुचलेले पहिले वाक्य असे होते : ‘सर, आता तुम्हीच खचलात तर घरच्यांनी कोणाकडे पाहायचे?’ वाक्य लिहून झाले आणि माझे मलाच ते बोचू लागले. त्या बोचणीचे कारण शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

अशा संदेशांवर आपल्याकडे नेहमी एकच आक्षेप घेतला जातो : ते साचेबद्ध असतात, म्हणून खोटे असतात. मला हा आक्षेप मान्य नाही. साचा हा दोष असता तर तेराव्या दिवसापर्यंतचे सगळेच विधी खोटे ठरले असते. खरा दोष संबोधनात आहे. श्रद्धांजली मृताला वाहायची असते. सहकारी मात्र जिवंत आहे आणि त्याला कोणीच काही बोललेले नाही. ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ हे वाक्य ईश्वराशी बोलते. ‘कुटुंबीयांना दुःख सहन करण्याची शक्ती मिळो’ यात ज्याला लिहायचे तोच तृतीय पुरुषात जातो. ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याला सोडून आपण इतर सर्वांशी बोलतो.

आणि जेव्हा थेट त्याच्याशी बोलतो, तेव्हा त्याच्याकडे काहीतरी मागतो. बहुधा धैर्य.

याचे मूळ आमच्याच मुलखातल्या एका प्रसंगाच्या वापरात आहे. गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यातले, म्हणजे अचलपूरच्या शेजारचे. १९२३ साली त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा वारला तेव्हा बाबा कोकणात कीर्तन करत होते. निरोप आला, तरी कीर्तन थांबले नाही. असे कोट्यवधी गेले, मग एकासाठी काय रडायचे, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार चरित्रांतून सांगितले जातात. वऱ्हाडात हा प्रसंग ठाऊक नसलेला माणूस विरळा. त्या उद्गारापुढे मान तुकवावी हेही खरे. पण तो कोणी कोणाला उद्देशून काढला, हे आपण विसरलो. ज्याचा मुलगा गेला त्याने तो स्वतःपुरता काढला. तेच वाक्य शेजाऱ्याने त्या बापाला ऐकवले असते तर त्याला आपण निर्दय म्हटले असते. आणि सांत्वनाच्या संदेशांत आपण नेमके तेच करतो. ‘जातस्य मृत्यू अटळ आहे’, ‘जगरहाटी आहे’, ‘काळ हेच औषध’ ही सगळी त्या उद्गाराची स्वस्त रूपे आहेत, आणि ती चुकीच्या तोंडी आहेत.

याच्याशेजारी तीनच वर्षांनंतरचा दुसरा बाप ठेवून पाहावा. जुलै १९२६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. पुढच्या महिन्यात कोल्हापूरचे सहकारी दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेब सावरल्याचे सोंग आणत नाहीत. आपण आणि पत्नी या धक्क्यातून बाहेर आलेलो नाही, हे ते स्पष्ट लिहितात. चार मुले गमावल्याचा हिशेब मांडतात, हा शेवटचा मुलगा किती विलक्षण होता ते सांगतात आणि पुढे लिहवत नाही म्हणून थांबतात. पुढच्याच वर्षी महाडचा सत्याग्रह उभा करणारा हा माणूस एका सहकाऱ्यापाशी आपण मोडलो आहोत हे लिहू शकला. त्या पत्राने त्याचे धैर्य उणे झाले नाही.

दोन्ही बाप खरे आहेत. प्रश्न असा की आपला संदेश ज्याच्या हातात पडतो तो यांपैकी कुठे उभा आहे, हे आपल्याला ठाऊक असते का? नसते. तरीही आपण गृहीत धरतो की त्याने १९२३ च्या जागी उभे राहावे. १९२६ च्या पत्रासारखे काही तो बोलू पाहत असेल, तर आपले वाक्य त्याचे तोंड बंद करते. माझे पहिले वाक्य मला बोचले ते यामुळे. त्या माणसाला रडायला सवड मिळण्याआधीच मी त्याला घराचा खांब नेमून टाकले होते.

आमच्याकडे मयतीच्या घरी भेटायला जाण्याची जी रीत आहे तिला हे कळते. सतरंजीवर जाऊन बसायचे, बराच वेळ गप्प राहायचे, मग कोणीतरी हळूच विचारायचे, ‘कसं झालं?’ त्यानंतर घरचा माणूस सांगतो आणि आलेले ऐकतात. बोलण्याचा हक्क दुःख झालेल्याकडे राहतो. लेखी संदेशाची अडचण ही की त्याला गप्प बसता येत नाही आणि त्यात प्रश्न विचारला तर उत्तराचे ओझे समोरच्यावर पडते. मग त्या सतरंजीचे काम लेखणीने कसे करायचे?

त्या रात्री शेवटी पाठवला तो मजकूर असा : ‘सर, भाऊ गेल्याचे कळले. फार वाईट वाटले. मी त्यांना एकदाच भेटलो, तुमच्या नव्या घराच्या वास्तूला. वाढणाऱ्यांमध्ये ते सर्वांत पुढे होते आणि तुम्हाला बळेच जेवायला बसवत होते. तुमचे द्वितीय वर्षाचे तास तेरवी होईपर्यंत मी घेतो आहे, विभागात तसे कळवले आहे. उत्तर देऊ नका. रविवारी घरी येतो.’

यात साहित्यगुण काहीही नाही. गेलेल्या माणसाचा ‘मृतात्मा’ झालेला नाही, तो अजून भाऊच आहे. आठवण एकच आहे आणि खरी आहे. एकदाच भेटलो हेही लपवलेले नाही. भाऊ कधी पाहिलाच नसता तर सरांनी त्याच्याविषयी सांगितलेले एखादे वाक्य त्यांना परत दिले असते, आणि तेही नसते तर ‘वाईट वाटले’ एवढ्यावर थांबलो असतो. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य मुद्दाम गाळले, कारण त्यात मागण्याचे काम पुन्हा त्यांच्यावरच येते. मृत्यूचा अर्थ कुठेही सांगितलेला नाही. तो सांगण्याचा अधिकार मला नव्हता.

मर्यादाही मान्य करतो. ज्या सहकाऱ्याशी वर्षानुवर्षे अबोला आहे त्याला असा जवळिकीचा मजकूर पाठवणे हे ढोंग होईल. तिथे साचाच अधिक प्रामाणिक. सूचनाफलकावरच्या शोकसंदेशालाही साचाच शोभतो, कारण तो संस्थेचा आवाज असतो.

पंधरा-सोळा दिवसांनी सर रुजू झाले. वास्तूच्या जेवणाचा विषय त्यांनीच काढला आणि त्या दिवशी भावाने आणखी काय काय केले होते ते तास सुरू होईपर्यंत सांगत राहिले. मी ऐकत होतो. आपल्या अभ्यासक्रमात शोकगीताची लक्षणे आपण घोकून घेतो. परीक्षेनंतर त्याच विद्यार्थ्याला मित्राच्या घरच्या मृत्यूवर चार ओळी लिहिता येत नसतील, तर त्या लक्षणांचे गुण कोणाच्या खात्यावर मांडायचे?